ठिपका बसलाय कुठे?

बाबू, लग्नाचं काम दोन कॅमेऱ्यांवर केलंस, घरी येऊन एडिटिंगला बसलास, आणि एका कॅमेऱ्याच्या झाडून साऱ्या शॉटमध्ये त्याच जागी तोच ठिपका दिसला, तर तुझा हात आधी ब्लोअरकडे जाईल. जाऊ देऊ नको. ठिपका काढायची घाई सगळ्यांना असते, तो बसलाय कुठे हे पाहायला कोणी थांबत नाही. जागा चुकली की उपायही चुकतो. मग कचरा नसलेला सेन्सर घासला जातो, नाहीतर मेलेल्या पिक्सेलवर तासभर हवा मारली जाते.

अमरावतीत ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी रोलच्या काळात हेच शिकवलं होतं. प्रिंटवर पांढरा डाग आला की ते विचारायचे, "एकाच निगेटिव्हच्या प्रिंटवर हाये का साऱ्याच प्रिंटवर?" एकाच निगेटिव्हच्या प्रिंटवर असेल तर धूळ त्या निगेटिव्हवर. वेगवेगळ्या निगेटिव्ह लावूनही डाग जागचा हलत नसेल, तर तो एन्लार्जरच्या काचेवर. आणि रोलच्या प्रत्येक फ्रेमवर एकसारखी रेघ असेल तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून प्रेशर प्लेटवर खडा शोधायचा. पोरगं फडकं घेऊन धावलं की ओरडायचे, "काहून घासून राह्यला? आधी पाह्य ना!" रोल गेला, सेन्सर आला, पण पाहायची ही रीत तशीच लागू पडते.

तर आधी पाहू. लेन्सच्या पुढच्या काचेवर धुळीचा कण असला तरी तो चित्रात ठिपका म्हणून उमटत नाही. तो फोकसच्या इतका बाहेर असतो की फार तर सूर्यासमोर धूसरपणा वाढतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपका दिसतो पण फोटोत नाही, तर कचरा आरशावर किंवा वरच्या फोकसिंग स्क्रीनवर आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. कॉम्प्युटरवर चित्र सरकवून बघ. चित्र सरकलं आणि ठिपका काचेवर त्याच जागी राहिला, तर तो मॉनिटरचा दोष आहे. शेवटी लेन्स बदलून बघ. दुसऱ्या लेन्सवरही ठिपका तिथेच, तर तो बॉडीत आहे.

बॉडीत दोन शक्यता उरतात, धूळ किंवा पिक्सेल. यांची पारख अपर्चर करतं.

धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर कधीच बसत नाही. सेन्सरच्या पुढे एक काचेचा फिल्टर असतो, ती त्याच्यावर बसते आणि आपल्याला दिसते ती तिची सावली. कण सेन्सरपासून साधारण एक मिलिमीटर वर आहे असं धर. अपर्चर एफ २२ असेल तर प्रकाशाचा झोत तिथे एक भागिले बावीस, म्हणजे जेमतेम ०.०५ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून सावली काळी आणि रेखीव पडते. एफ २.८ ला तोच झोत ०.३६ मिलिमीटरचा होतो. दशांश मिलिमीटरचा कण त्यातला शंभरात आठ भाग प्रकाश अडवतो, बाकीचा बाजूने निघून जातो. सावली पसरते, फिकट होते आणि दिसेनाशी होते. पिक्सेलला मात्र अपर्चरशी काही देणंघेणं नाही. तो एफ २.८ लाही तेवढाच आणि एफ २२ लाही तेवढाच. शिवाय मोठा करून पाहिलास तर धुळीला कडा नसते, ती विरत जाते. पिक्सेल मात्र टोकदार चौकोनी टिंब असतो, नाहीतर जेपीइजीमध्ये बारीकशी फुली.

व्हिडिओवाल्यांना धूळ फोटोवाल्यांपेक्षा जास्त का छळते, याचं कारणही इथेच आहे. आपल्याकडे २५ फ्रेमवर शूटिंग, शटर १/५०. अकोल्यात सकाळी अकराला वरात निघाली, ऊन रखरखीत, आयएसओ १०० पेक्षा खाली जात नाही. अशा उन्हात १/५० शटरला एक्सपोजर बरोबर यायला अपर्चर एफ २२ च्या जवळ न्यावंच लागतं. फोटोवाला शटर १/२००० करून एफ ४ वर मोकळा राहतो, म्हणून त्याच बॉडीतली तीच धूळ त्याला वर्षभर दिसत नाही. लेन्सवर एनडी फिल्टर लावून एफ ४ किंवा ५.६ वर काम केलंस, तर धूळ असूनही ती पडद्यावर येणार नाही. बहिरमच्या यात्रेत, जिनिंगच्या आवारात, गुलालाच्या मिरवणुकीत, जिथे धूळ टळतच नाही, तिथे माझा भरवसा साफसफाईपेक्षा एनडीवर जास्त आहे.

आता एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. आपल्याच एका पोराचं अकोल्यातलं लग्नाचं काम. मांडवासमोर ट्रायपॉडवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या वरातीच्या शॉट्समध्ये आभाळात, उजवीकडे वर, राखाडी धब्बा होता. त्याच कॅमेऱ्याच्या रात्रीच्या रिसेप्शनमध्ये धब्बा नव्हता, पण नवरदेवाच्या काळ्या कोटावर एक लाल टिंब होतं. त्याला वाटलं दोष एकच आहे आणि तो रंग बदलतो. अपर्चर विचारल्याबरोबर उलगडा झाला: दिवसा एफ १६ ते २२, रात्री एफ २.८. धब्बा धुळीचा, लाल टिंब पिक्सेलचं. एका बॉडीत दोन वेगळे दोष, दोघांचा इलाज वेगळा.

धुळीची नेमकी जागा काढायला नमुना शॉट घे. आयएसओ १००, एफ २२, फोकस हाताने अनंतावर, समोर पांढरी भिंत जवळून किंवा निरभ्र आभाळ, एक्सपोजर एक स्टॉप जास्त. खोलीतल्या भिंतीवर शटर एक-दोन सेकंदांचं येईल, येऊ दे, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा हळूहळू भिंतीवरून फिरव. भिंतीचे पोपडे आणि डाग पुसट होऊन पसरतील, सेन्सरसमोरची धूळ कॅमेऱ्याबरोबरच फिरते म्हणून ती तेवढी रेखीव राहील. कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट ताणला की एक धब्बा शोधायला गेलास तर पाच-सात सापडतील. घाबरू नको, एफ ११ ला जे दिसत नाहीत त्यांना सोडून दे.

सेन्सरवर चित्र उलटं पडतं, हे इथे कामी येतं. लेन्स काढून कॅमेऱ्याच्या तोंडाकडे बघताना डावं-उजवं फोटोसारखंच असतं, फक्त वरचं खाली आणि खालचं वर होतं. या प्रकरणात फुलएचडी व्हिडिओत धब्बा डावीकडून १४१२ आणि वरून २३३ व्या पिक्सेलवर होता. सेन्सर एपीएस-सी, साडेतेवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे धूळ समोरून बघताना डाव्या कडेपासून सतरा मिलिमीटरवर आणि खालच्या कडेपासून चार मिलिमीटर वर असायला हवी. भिंग लावून तिथेच पाहिलं तर पांढरा, वळलेला बारीक तंतू होता. कापसाचा. हंगामात हे तंतू हवेतच असतात, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत काचेवर स्थिर विजेमुळे चिकटून बसतात.

तंतू आणि सुकी धूळ ब्लोअरने जाते. काम करायची जागा मात्र नीट निवड. फरशी ओल्या फडक्याने पुसलेली खोली, पंखा बंद, आणि कूलर तर नक्कीच बंद. आपला पूर्णाकाठ खारपाणपट्ट्यातला. कूलरच्या वाऱ्याबरोबर आलेला पाण्याचा बारीक थेंब काचेवर वाळला की मिठाचं पांढरं कडं ठेवून जातो, आणि ते ब्लोअरला दाद देत नाही. तोंडाने फुंकर मारायची नाही याचंही कारण तेच, थुंकीचे थेंब वाळून डाग होतात. डब्यातली दाबाची हवाही नको, डबा तिरका झाला की आतला द्रव फवारला जाऊन काच माखते. बॅटरी पूर्ण भरलेली घे. डीएसएलआरमध्ये मेन्यूतून हाताने सेन्सर साफ करायचा पर्याय निवडला की आरसा वर जातो आणि शटर उघडं राहतं, पण बॅटरी मधेच संपली तर शटरचे पडदे थेट तुझ्या हत्यारावर मिटतात. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे कर, ब्लोअर आधी दोन-चारदा बाहेरच दाबून त्याच्यातली धूळ उडव, मग टोक माउंटच्या आत न घालता खालून वर हवा मार. परत नमुना शॉट. बहुतेक वेळा काम इथेच संपतं. या प्रकरणातही इथेच संपलं.

संपलं नाही तर ओला स्वॅब. एपीएस-सी सेन्सरला १६ मिलिमीटर रुंद, फुल फ्रेमला २४. उंची झाकली जाईल एवढाच स्वॅब घ्यायचा, म्हणजे एका ओढीत पूर्ण काच होते. सेन्सरसाठीच मिळणाऱ्या द्रवाचे दोन थेंब, जास्त नाही. जास्त झाला तर कडेला ओघळ साचतो आणि वाळून नवी रेघ तयार होते. स्वॅब थोडा तिरका धरून एका कडेपासून दुसरीकडे एकच ओढ, मग पालथा करून कोऱ्या बाजूने परतीची एक ओढ, आणि तो स्वॅब फेकून दे. महाग आहे म्हणून तोच पुन्हा फिरवू नको. पहिल्या ओढीत काळ्या मातीचा जो कण उचलला तोच दुसऱ्यांदा काच खरवडतो. म्हणूनच ब्लोअर न मारता थेट स्वॅब कधीच लावायचा नाही. बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर हलता असतो, तेव्हा ओढ हलकी हवी. आणि बंद केल्यावर शटर मिटवणाऱ्या बॉडीत मिटलेल्या पडद्याला ब्लोअरचा झोतही जवळून लागू देऊ नको, ते पातळ पातं वाकलं की खर्च सेन्सर सफाईच्या कितीतरी पट होतो.

एक प्रकार असा की धब्बा अगदी गोल असतो, कधी मध्ये फिकट आणि कडेला गडद, ब्लोअरने जागचा हलत नाही. पुसला तरी काही हजार फोटोंनंतर त्याच कोपऱ्यात परत येतो. ती धूळ नव्हे, शटरकडून उडालेलं वंगण. निकॉनचा डी ६०० हा कॅमेरा २०१२ साली आला तेव्हा फोटोत डाव्या कोपऱ्यात वर असे ठिपके साचत असल्याचा बोभाटा जगभर झाला. कंपनीने २०१३ मध्ये आधी सफाईसाठी सूचना काढली, त्याच वर्षी डी ६१० आणला आणि २०१४ मध्ये डी ६०० चं शटर मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं. सेकंडहँड बाजारात ती बॉडी अजून फिरते. घेताना शटर बदललेलं आहे का हे विचार आणि दुकानातच एफ २२ चा नमुना शॉट काढून बघ. वंगण कोरड्या कशानेही पुसू नको, ते पसरून धब्ब्याचा पट्टा होतो. त्याला ओला स्वॅबच, आणि तो एकाने भागत नाही.

आता लाल टिंब. कॅप लावून, अंधारात, एक शॉट १/६० ला आणि एक तीस सेकंदांचा काढ. १/६० लाही टिंब दिसलं तर तो पिक्सेल एका रंगावर अडकलेला आहे. फक्त तीस सेकंदांत दिसलं तर तो तापणारा, ज्याला हॉट पिक्सेल म्हणतात तो. उजळ पांढऱ्यावर काळं टिंब दिसत असेल तर मेलेला. आपल्या भागात तापणाऱ्यांची संख्या जास्त दिसते याला कारण आहे. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये थोडा करंट झिरपत असतो, आणि तापमान साधारण सहा ते आठ अंश वाढलं की तो दुप्पट होतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर, त्यात कॅमेरा सलग व्हिडिओ घेत स्वतःही तापलेला. थंडीत चिखलदऱ्याला त्याच बॉडीत जे टिंब शोधून सापडणार नाही, ते इथे रात्री लखलखतं. म्हणून कॅमेरा शॉटच्या मध्ये बंद ठेव, मागचा एलसीडी स्क्रीन बॉडीपासून दूर उघडून ठेव, सावलीत ठेव. टिंब जाणार नाही, पण दबेल.

कायमचा इलाज पिक्सेल मॅपिंग. कॅमेरा अंधारातला शॉट घेऊन बिघडलेले पिक्सेल नोंदवतो आणि पुढे त्यांच्या जागी शेजाऱ्यांवरून किंमत भरतो. फुजी, ऑलिम्पस आणि निकॉनच्या झेड ८, झेड ९ मध्ये मेन्यूत Pixel Mapping असं दिसतं, पॅनासॉनिकमध्ये Pixel Refresh. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरवर लोकांचा अनुभव असा की लेन्सच्या जागी बॉडी कॅप लावून हाताने सफाईचा पर्याय चालू करायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि बंद करायचं, तेवढ्यात अडकलेलं टिंब जातं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, आणि प्रत्येक बॉडीवर चालेलच असंही नाही. ज्या बॉडीत मेन्यू नाही आणि हा उपायही चालत नाही, ती सर्व्हिस सेंटरला द्यावी लागते. तिथे मॅपिंग सॉफ्टवेअरनेच होतं, सेन्सर बदलायचा नसतो, हे माहीत असू दे.

कॅमेरा साफ झाला, तरी हातात जे फुटेज आहे त्यात ठिपके आहेतच. इथेही दोघांचा इलाज वेगळा. धुळीच्या धब्ब्यामागे चित्र शिल्लक असतं, फक्त अंधारलेलं. म्हणून त्या जागी मऊ कडेचा गोल मास्क टाक आणि त्याच्या आत फक्त गेन थोडा वाढव. धब्बा जातो आणि मागचे वरातीचे फेटे, तोरण, झाडाची पानं जशीच्या तशी परत दिसतात. शेजारचा तुकडा उचलून चिकटवायची गरज नाही, चालत्या शॉटमध्ये तो ठिगळासारखा कळतो. अपर्चर बदललं की सावलीचा गडदपणाही बदलतो, तेव्हा एफ १६ च्या शॉट्सना एक किंमत आणि एफ ११ च्या शॉट्सना दुसरी ठेव. जागा तीच राहील.

मेलेल्या किंवा अडकलेल्या पिक्सेलमागे काहीच नसतं, म्हणून तिथे शेजाऱ्यांवरूनच भरावं लागतं. डाविंची रिझॉल्व्हच्या पैशाच्या आवृत्तीत Dead Pixel Fixer आहे. साधं ८ बिटचं फुटेज असेल तर फुकटातलं एफएफएमपेगही पुरतं. आधी हे चालव, जागा बरोबर असेल तर टिंबाभोवती हिरवी चौकट दिसेल:

```
ffmpeg -i C0012.MP4 -vf "delogo=x=861:y=540:w=6:h=6:show=1" -t 5 test.mov
```

चौकट टिंबावर बसली की show काढून पूर्ण क्लिप कर:

```
ffmpeg -i C0012.MP4 -vf "delogo=x=861:y=540:w=6:h=6" -crf 16 -c:a copy C0012_saf.mov
```

सहा पिक्सेलची चौकट फुलएचडीला पुष्कळ झाली. मोठी घेतलीस तर शेरवाणीच्या जरीवर चिखल दिसेल.

आणि हे सगळं मूळ क्लिपवर कर, कापाकापीच्या आधी. शॉट झूम केला, स्टॅबिलायझर लावला, की ठिपका फ्रेमगणिक जागा बदलतो आणि मग त्याचा पाठलाग करत बसावं लागतं. मूळ क्लिपवर त्याचे आकडे एकच असतात, वरातीपासून बिदाईपर्यंत. उभा धरून काढलेला मोबाइलसारखा शॉट असेल तर तो वेगळा काढ, त्यात आडवे-उभे आकडे उलटतात. प्रत्येक बॉडीचा एफ २२ चा आणि कॅप लावलेला असे दोन नमुने हंगामाच्या आधी काढून, बॉडीचं नाव आणि तारीख घालून फोल्डरमध्ये ठेव. एडिटिंगला बसल्यावर आकडे तिथून उचलायचे, लग्नाच्या शॉट्समध्ये शोधत बसायचे नाहीत.